पत्रिकेतला १ म्हणजे पहिलं घर नव्हे

लग्नसराई तोंडावर आली की घराघरातल्या कपाटातून पत्रिका बाहेर निघतात. पूर्वी ती पत्रिका पिशवीत घालून कुणीतरी मामा किंवा काका एसटीने स्थळाच्या गावी न्यायचा. आता बाप मुलीला म्हणतो, 'फोटो काढ आणि पाठव.' फोटो जातो, पण तो तिकडे ज्याच्या हातात पडतो त्याला कुंडली वाचता येतेच असं नाही. मग तो कुणाला तरी फोन लावतो आणि फोनवर तोंडी वर्णन सुरू होतं. 'वरच्या घरात चार आकडा आहे, बाजूला एक आहे, त्या एकात मंगळ आहे...'

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका घरात नेमकं इथंच बिनसलं. मुलगी भोकरदन तालुक्यातली, शिकलेली, नोकरी करणारी. फोटो बघून स्थळाकडच्या एका नातलगाने सांगितलं, 'एक नंबरच्या घरात मंगळ आहे, म्हणजे कडक मंगळ.' स्थळ थांबलं. मुलीच्या आजोबांनी जुनी पत्रिका काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, 'अरे, हा एक आकडा मेष राशीचा आहे. घर दहावं आहे.' मंगळ मानायचा की नाही, यावर या पानावर वाद घालायची आमची इच्छा नाही. पण जे मानतात त्यांच्याही हिशेबात मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असावा लागतो. दहावं त्यात येतच नाही. म्हणजे ज्या नियमावर स्थळ थांबलं तो नियमसुद्धा तिथं लागू नव्हता. चूक भविष्याची नव्हतीच. फोटोत काय दिसतंय, हे सांगण्यातच चूक झाली होती.

आमचं म्हणणं एवढंच आहे. फोटोतल्या कुंडलीचं वर्णन करणं हे एक वेगळं काम आहे, भविष्य सांगणं वेगळं. पहिलं काम बारावी झालेल्या कुणालाही अर्ध्या तासात शिकता येतं, त्यात बरोबर आणि चूक असं स्पष्ट असतं आणि चूक पकडताही येते. ते नीट करून तिथंच थांबता आलं पाहिजे. घरात मोबाइल तुमच्याच हातात असतो, म्हणून हे काम उद्या तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

उदाहरणासाठी कुणा मुलीची पत्रिका इथं छापणं बरं नाही. म्हणून आपण आपल्या जिल्ह्याचीच घेऊ. जालना जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९८१ रोजी. वेळ आम्ही सरावापुरती दुपारी बाराची धरली आहे. त्या दिवशी, त्या वेळी, जालना शहरातून आकाश कसं होतं ते कागदावर मांडलं तर जी कुंडली तयार होते, तिचा फोटो तुमच्यासमोर आहे असं समजा.

आधी चौकट ओळखायची. आपल्याकडच्या पत्रिकेत एक चौकोन असतो, त्याचे दोन कर्ण काढलेले असतात आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडलेले असतात. त्यातून मधोमध चार मोठी शंकरपाळ्यासारखी घरं होतात आणि कडेला आठ त्रिकोण. एकूण बारा. यातलं वरचं मधलं शंकरपाळं म्हणजे पहिलं स्थान, त्यालाच लग्न म्हणतात. लग्न म्हणजे विवाह नव्हे. त्या वेळी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत होती, ती इथं येते. तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने मोजायचं. वरचा डावा त्रिकोण दुसरं स्थान, त्याच्या खालचा तिसरं, डावं शंकरपाळं चौथं, मग पाचवं आणि सहावं हे त्रिकोण, खालचं मधलं शंकरपाळं सातवं. मग उजव्या बाजूने वर चढायचं. आठवं, नववं, उजवं शंकरपाळं दहावं, अकरावं आणि शेवटी वरचा उजवा त्रिकोण बारावं.

ही स्थानं कधीही हलत नाहीत. वरचं शंकरपाळं जगातल्या कुणाच्याही अशा पत्रिकेत पहिलंच असतं. म्हणूनच त्यांच्यावर स्थानाचा आकडा लिहायची गरज पडत नाही. मग फोटोत दिसणारे आकडे कसले? ते राशींचे. मेष १, वृषभ २, मिथुन ३, कर्क ४, असं करत मीन १२. सगळा घोळ इथं आहे. घराचा नंबर लिहिलेला नसतो आणि जो नंबर लिहिलेला असतो तो घराचा नसतो. घराच्या दारावरचा नंबर वाचायची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही.

जिल्ह्याच्या कुंडलीत वरच्या शंकरपाळ्यात आकडा आहे ४. म्हणजे पहिल्या स्थानी कर्क रास. तिथून डावीकडे मोजत गेलं की दुसऱ्या स्थानी ५, तिसऱ्या स्थानी ६, चौथ्या स्थानी ७, असं होत नवव्या स्थानी १२ येतो आणि दहाव्या स्थानी, म्हणजे उजव्या शंकरपाळ्यात, १. आता त्या उजव्या शंकरपाळ्यात किती गर्दी आहे बघा. र, मं, बु, शु. रवी, मंगळ, बुध, शुक्र असे चार ग्रह एका घरात, आणि आकडा १. वरवर बघणारा म्हणणार, 'पहिल्या घरात चार ग्रह, त्यात मंगळ.' भोकरदनच्या त्या मुलीच्या फोटोतही मंगळ असाच, उजव्या शंकरपाळ्यातल्या १ मध्ये होता. खरं वाचन असं आहे की दहाव्या स्थानी मेष रास आहे आणि तिथं हे चार ग्रह आहेत.

आकड्यांचा एक फायदा आहे. ते क्रमाने येतात, म्हणून एक आकडा खात्रीने वाचता आला तरी बाकीचे अकरा तुम्ही स्वतः भरू शकता. जुन्या हाती लिहिलेल्या पत्रिकेत ३ आणि ६, १ आणि ९ यांत फसायला होतं. कागद चार घड्या घालून ठेवलेला असतो, त्यामुळे घडीची रेघ नेमकी मधून जाते आणि तिथली शाई उडालेली असते. वर हळदीकुंकवाचा डाग. अशा वेळी अंदाज करू नका. स्पष्ट दिसणारा कोणताही एक आकडा पकडा, त्या घराचं स्थान मोजा आणि तिथून फिरत या. वाटेत दुसरा स्पष्ट आकडा आला की तो जुळतो का ते बघा. जुळला की तुमची मोजणी बरोबर.

आकडे जर घड्याळाच्या दिशेने वाढत जात असतील तर थांबायचं. एक तर पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा झाला असेल. अक्षरंही उलटी दिसतात, त्यावरून ते लगेच कळतं. किंवा मूळ उतरवून घेणाऱ्यानेच चूक केली असेल. तिसरी शक्यता म्हणजे ती दक्षिणेकडच्या पद्धतीची कुंडली असेल. हैदराबादकडच्या किंवा कर्नाटकातल्या नातेवाइकांकडून आलेल्या पत्रिकेत मधे मोकळी जागा आणि कडेने बारा चौकोन असतात. तिथं नियमच वेगळा. राशी कायमच्या ठरलेल्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष आणि पुढे घड्याळाच्या दिशेने. लग्न ज्या चौकोनात असेल तिथं तिरकी रेघ मारतात किंवा 'ल' लिहितात. तिथं रास जागेवरून कळते आणि स्थान मोजावं लागतं, आपल्याकडे स्थान जागेवरून कळतं आणि रास आकड्यावरून.

आणखी एक गोष्ट फोटो काढतानाच सुटते. पत्रिकेच्या एका पानावर बहुतेक वेळा दोन चौकटी शेजारी शेजारी असतात. एक जन्मलग्नकुंडली, दुसरी राशीकुंडली. कधी कधी तिसरी नवमांश कुंडलीही असते. फोटो काढणारा जवळ जाऊन एकच चौकट टिपतो आणि वरचं नाव कापलं जातं. राशीकुंडलीत चंद्राची रास वरच्या शंकरपाळ्यात घेतलेली असते, त्यामुळे तिथं 'चं' कायम पहिल्याच घरात दिसतो. जिल्ह्याच्या राशीकुंडलीत वर १२ येईल, त्यात चंद्र, आणि मेषेतले ते चार ग्रह दुसऱ्या घरात सरकतील. दिवस तोच, वेळ तीच, ग्रह त्याच राशींत. फक्त मोजायची सुरुवात बदलली. म्हणून वर्णनाचं पहिलं वाक्य कायम हे असावं की ही कोणती कुंडली आहे. नाव दिसत नसेल तर दिसत नाही असं लिहा आणि पूर्ण पानाचा फोटो मागवा.

आता ग्रहांची अक्षरं. र किंवा सू म्हणजे रवी, चं चंद्र, मं मंगळ, बु बुध, गु गुरू, शु शुक्र, श शनी, रा राहू, के केतू. अलीकडच्या बऱ्याच पत्रिकांत ह, ने, प्लु असे हर्षल, नेपच्यून, प्लूटोही असतात. फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत. श आणि शु यांत फरक फक्त एका उकाराचा, र आणि रा यांत एका कान्याचा. घाईत लिहिलेले बु आणि गु सारखेच दिसतात. शनीच्या जागी शुक्र वाचला तर पुढचं सगळंच वाया. शिवाय अक्षराशेजारी 'व' असेल तर तो दहावा ग्रह नाही. तो ग्रह वक्री, म्हणजे आकाशात त्या काळात मागे सरकताना दिसत होता, एवढीच ती खूण. जिल्ह्याच्या कुंडलीत तिसऱ्या स्थानी, ६ या आकड्याच्या म्हणजे कन्या राशीच्या घरात, गुरू आणि शनी दोन्ही आहेत आणि दोन्ही वक्री आहेत. हे कागदावरचं गणित वाटेल, पण १९८०-८१ मध्ये हे दोन ग्रह आकाशात तीन वेळा एकमेकांजवळ आले होते आणि त्या मे महिन्यात संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला शेजारी शेजारी दिसत होते. ज्यांनी तेव्हा गच्चीवरून वर बघितलं असेल त्यांना ही जोडी दिसली असणार, कुंडली माहीत असो वा नसो.

वाचून झालं की मोजायचं. हर्षल वगैरे सोडून नऊ ग्रह भरलेच पाहिजेत. जिल्ह्याच्या कुंडलीत पहिल्या स्थानी राहू, तिसऱ्या स्थानी गुरू आणि शनी, सातव्या स्थानी केतू, नवव्या स्थानी चंद्र, दहाव्या स्थानी चार. एक, दोन, एक, एक, चार. नऊ झाले. आठच भरत असतील तर एखादा ग्रह घडीत किंवा डागात लपलाय. नऊ ग्रह आणि बारा घरं म्हटल्यावर काही घरं मोकळी राहणारच. इथं सात मोकळी आहेत. त्याबद्दल 'रिकामं आहे, काहीच नाही' असं सुस्काऱ्याच्या आवाजात सांगू नका. 'ग्रह लिहिलेला नाही' एवढं पुरे.

यापुढची पायरी आम्हाला सगळ्यात आवडते, कारण तिथं आकाशच तुमची उत्तरपत्रिका तपासतं. ग्रह वाटेल तिथं बसू शकत नाहीत. राहू आणि केतू कायम समोरासमोर असतात, त्यांच्यात सहा घरांचं अंतर. इथं पहिलं आणि सातवं, ठीक. बुध सूर्याला सोडून फार लांब जातच नाही, जास्तीत जास्त २८ अंश. म्हणजे तो सूर्याच्याच राशीत असणार, नाहीतर शेजारच्या. शुक्र ४८ अंशांच्या आत, म्हणजे फार तर दोन राशी पलीकडे. लग्नकुंडली म्हणून आलेल्या फोटोत 'र' एका टोकाला आणि 'बु' समोरच्या टोकाला दिसला, तर तुम्ही अक्षर चुकीचं वाचलंय किंवा ती मुळात नवमांश कुंडली आहे. नवमांशात राशींचे भाग पाडून ग्रह पुन्हा मांडलेले असतात, त्यामुळे तिथं बुधाची ही कसोटी चालत नाही.

सूर्याची रास तर तारखेवरूनच कळते. मकरसंक्रांत कधी असते ते सगळ्यांना पाठ आहे, १४-१५ जानेवारी. त्या दिवशी सूर्य मकरेत जातो, म्हणजे १० या आकड्यात. तिथून साधारण दर महिन्याच्या मध्याला एक एक रास पुढे. फेब्रुवारीच्या मध्यापासून ११, मार्चच्या मध्यापासून १२, एप्रिलच्या मध्यापासून १. तेव्हा १ मे म्हटल्यावर 'र' १ या आकड्याबरोबरच दिसला पाहिजे, आणि तो दिसतोय. इथं कुणीतरी म्हणेल, 'पण मासिकात तर १ मे म्हणजे टॉरस!' बरोबर आहे. पाश्चात्त्य पद्धतीत राशींची सुरुवात वसंत संपातापासून धरतात, आपल्या पंचांगात ताऱ्यांच्या संदर्भाने. दोघांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे. दोघेही आकाशातला तोच सूर्य दाखवतायत, फूटपट्टी वेगळ्या ठिकाणापासून धरलीय. एखाद्या ॲपमधून काढलेली कुंडली घरच्या पत्रिकेशी जुळत नसेल तर आधी ॲपमधलं हे सेटिंग बघावं.

चंद्राची तपासणी तिथीवरून. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एकत्र, पौर्णिमेला समोरासमोर. १९८१ च्या त्या मे महिन्यात अमावास्या होती ४ तारखेला. म्हणजे १ तारखेला चंद्र सूर्याच्या तीन दिवस मागे, साधारण एक रास अलीकडे. सूर्य १ मध्ये, चंद्र १२ मध्ये. जुळलं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला समर्थ रामदासांचा जन्म रामनवमीला भर दुपारी झाल्याचं परंपरा सांगते. नुसत्या तेवढ्यावरूनही तुम्ही वहीत दोन गोष्टी मांडू शकता. नवमी म्हणजे चंद्र सूर्याच्या ९६ ते १०८ अंश पुढे, तीन-चार राशींवर. आणि दुपार म्हणजे सूर्य दहाव्या स्थानाच्या आसपास.

ही दुसरी गोष्ट कशी आली? लग्न म्हणजे पूर्वेचं क्षितिज, असं वर म्हटलंच आहे. मग सूर्योदयाला सूर्य पहिल्या स्थानाच्या आसपास असणार, दुपारी डोक्यावर म्हणजे दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्याच्या आणि मध्यरात्री चौथ्याच्या. एखादं घर इकडेतिकडे होतं, त्यापेक्षा जास्त नाही. पत्रिकेवर जन्मवेळ रात्री अकराची लिहिलीय आणि 'र' उजव्या शंकरपाळ्यात आहे, तर काहीतरी नक्की चुकलंय. बहुतेक वेळा सकाळ-रात्रीचा घोळ असतो. पत्रिका करून घेताना ११ सांगितलेलं असतं आणि पुढचं 'रात्री' हे कुणी लिहून घेतलेलंच नसतं.

फोटो किती सांगू शकतो याची हद्दही इथंच कळते. लग्नाची रास साधारण दोन तासांनी बदलते. जिल्ह्याच्या उदाहरणात जालन्याला कर्क लग्न सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी सव्वाच्या आसपास संपत होतं. त्या दिवशी बाराऐवजी सूर्योदयाची वेळ धरली असती, तर ग्रहांच्या राशी त्याच राहिल्या असत्या, पण वरच्या शंकरपाळ्यात १ आला असता आणि ते चारही ग्रह, मंगळासकट, खरोखरच पहिल्या स्थानी दिसले असते. म्हणजे राशी तारखेवर टिकून असतात, स्थानं वेळेवर. आणि आपल्याकडे वेळ कशी सांगतात? 'गुरं परतायच्या वेळेला झाला', 'लाइट गेली होती तेव्हा'. आजी खोटं बोलत नाही, पण त्यात तास-दीड तास सहज इकडेतिकडे होतो. वर्णन करणाऱ्याने हे सोडवायचं नसतं. 'पत्रिकेवर लिहिलेली वेळ अमुक' एवढं लिहायचं. ती खरी आहे असं आपण म्हणत नाही.

एवढं झाल्यावर लिहायचं कसं? जिल्ह्याच्या कुंडलीचा मेसेज आम्ही असा पाठवला असता. 'लग्नकुंडली. लिहिलेली वेळ दुपारी १२, तारीख १ मे १९८१, ठिकाण जालना. पहिल्या स्थानी कर्क रास (आकडा ४), राहू. तिसऱ्या स्थानी कन्या (६), गुरू आणि शनी, दोघांपुढे व. सातव्या स्थानी मकर (१०), केतू. नवव्या स्थानी मीन (१२), चंद्र. दहाव्या स्थानी मेष (१), रवी, मंगळ, बुध, शुक्र. बाकीच्या सात स्थानी ग्रह लिहिलेला नाही. सगळे नऊ ग्रह मोजून मिळाले.' प्रत्येक ओळीत आधी स्थान, मग रास, मग ग्रह. 'स्थान' हा शब्द आणि 'आकडा' हा शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. 'एक नंबरचं घर' हा शब्दप्रयोग तर सोडूनच द्यावा, सगळं रामायण त्यातूनच घडलं. एखादं अक्षर नीट दिसत नसेल तर 'पाचव्या स्थानी एक अक्षर आहे, श किंवा शु, फोटोत उकार दिसत नाही' असं सरळ लिहा. आणि शेजारी ग्रहांच्या अंशांचा तक्ता, ज्याला स्पष्ट ग्रह म्हणतात, तो असेल तर त्याचा फोटो मागा. तिथं ग्रहाचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं.

आता जे लिहायचं नाही त्याबद्दल, कारण हात तिथंच शिवशिवतो. मेषेतला रवी उच्चीचा मानतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण 'उच्च' हा शब्द फोटोत लिहिलेला नाही, तो ग्रंथातल्या कोष्टकातून येतो. अमक्याची तमक्यावर दृष्टी आहे, हेही फोटोत नसतं. स्थानांची जुनी नावं तर आणखी घोटाळ्याची. आठव्याला मृत्युस्थान म्हणतात, बाराव्याला व्ययस्थान. 'मुलीच्या मृत्युस्थानी शनी आहे' आणि 'आठव्या स्थानी शनी आहे' या दोन वाक्यांत माहिती एकच आहे, पण पहिलं ऐकून काकूंचा चेहरा उतरतो. आकड्याने बोललं तर तुम्ही कुणाला न घाबरवता पूर्ण माहिती देऊ शकता. ज्याला पुढे अर्थ लावायचाय तो त्याचा लावेल, त्याला तुमच्या आकड्यांवरून सगळं कळतं.

काहीजण म्हणतील, वर्णन करणं म्हणजे ज्योतिषाला मान्यता देणंच झालं. आम्हाला तसं वाटत नाही. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. शाळेत हुशार ठरलेली शंभर मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुलं, अशा दोनशे कुंडल्या जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली ते विचारलं. २७ जणांची उत्तरं आली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतात. पण यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कोणता ग्रह कोणत्या घरात आहे, याबद्दल नारळीकर आणि ज्योतिषी यांच्यात भांडण नव्हतं. ती कुंडली दोघांनाही मान्य होती. भांडण होतं ते त्या मांडणीवरून माणसाबद्दल काही सांगता येतं का, यावर. म्हणून मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोघांच्याही घरात वर्णन एकसारखंच यायला हवं. न मानणाऱ्या पोराने 'सगळं थोतांड' म्हणत अर्धवट वाचून दाखवलं, तरी त्याचा फटका त्याच्याच बहिणीला बसतो.

फोटो पाठवतानाचीही एक खबरदारी आहे. पत्रिकेच्या पानावर पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, वेळ, गाव, गोत्र, कधी कधी फोन नंबरही असतो. हाच फोटो चार ग्रुपवर फिरतो आणि वर्षभराने कुणाच्या मोबाइलमध्ये कुठं पडलेला असतो ते कळत नाही. ज्याला फक्त मांडणी हवी आहे त्याला कुंडलीचं नाव आणि चौकट दिसेल एवढा भाग कापून पाठवा, सोबत वरच्यासारखा मेसेज. फोटो काढताना कागद सपाट टेबलावर ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा आणि लॅमिनेशन असेल तर फ्लॅश बंद करा. चमकेचा पांढरा गोळा नेहमी मधोमध पडतो आणि शंकरपाळ्यांची टोकं तिथंच येऊन मिळतात.

भोकरदनच्या त्या मुलीने पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं. तिने पत्रिका नव्याने फोटोत घेतली, आजोबांना शेजारी बसवून बाराही स्थानं एकेका ओळीत लिहिली आणि दहाव्या स्थानाच्या ओळीपुढे कंसात 'आकडा १, रास मेष' असं टाकलं. मंगळ आहे की नाही, याबद्दल तिने एक शब्दही लिहिला नाही. तो मेसेज तिने वडिलांच्या फोनवरून स्थळाकडे पाठवला. दोन निळ्या खुणा त्याच दिवशी आल्या. उत्तर यायला नऊ दिवस लागले, आणि ते असं होतं, 'पत्रिका पुन्हा बघितली. आमचं वाचताना चुकलं होतं. मुलीला कधी बघायला येऊ?' तिने वडिलांना सांगितलं, 'त्यांना म्हणावं, आधी मुलाच्या पत्रिकेचा फोटो पाठवा. पूर्ण पानाचा.'